मुखत्यारास काय द्यावें व काय राखावें

सरकारी नोटीस घरीं आली म्हणजे आमचा शेतकरी दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. एक तर ती नोटीस देवळीच्या कोपऱ्यांत खोचून ठेवतो, किंवा तालुक्याच्या गांवीं जाऊन, मुद्रांक विकणाऱ्याच्या शेजारीं बसलेल्या लेखनिकाकडून एक छापील कुलमुखत्यारपत्र भरून घेतो आणि जाणत्या नातलगाच्या हवालीं करून मोकळा होतो. पहिल्या चुकीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. दुसरीस मात्र लोक चूक समजत नाहींत, शहाणपण समजतात; म्हणून तिच्याविषयीं चार शब्द लिहावे असें प्रस्तुत लेखकास वाटतें. महसुलाच्या कचेरींत कारकुनी करण्यांत माझीं वर्षें गेलीं, व त्यांतला बराच काळ भूसंपादनाच्या दप्तरावर गेला. तेथें जें पाहिलें त्यावरून माझें मत असें बनलें आहे कीं, मुखत्यार नेमण्यानें शेतकऱ्याचें जितकें हित होतें, तितकेंच नुकसान त्यास काय दिलें हें न वाचल्यानें होतें.

छापील नमुन्यांत काय असतें तें एकदां स्वस्थ बसून वाचावें. कज्जे चालविणें, जबाब देणें, तडजोड करणें, संमति देणें, रकमा स्वीकारून पावत्या देणें, जमीन विकणें, गहाण ठेवणें, दुसरा मुखत्यार नेमणें आणि सरतेशेवटीं "वरील मुखत्यार जें जें करतील तें तें मीं स्वतः केल्याप्रमाणें मला कबूल व बंधनकारक राहील." हें शेवटचें वाक्य शोभेचें नव्हे. सन १८८२ चा मुखत्यारपत्रांचा कायदा व सन १८७२ चा कराराचा कायदा या दोहोंचा अर्थ हाच कीं, दिलेल्या अखत्याराच्या मर्यादेंत मुखत्यारानें केलेली सही ही तुमचीच सही होय. ज्यास केवळ एका सुनावणीस पाठवावयाचें, त्याच्या हातीं आपण सारी इस्टेट देतों.

एक प्रकरण सांगतों. नांव, गांव सांगण्याचें कारण नाहीं. एका वृद्ध खातेदाराच्या गटापैकीं ६० आर जमीन पाझर तलावासाठीं घेतली जात होती. त्या तुकड्यांत बांधीव विहीर होती व संत्र्याचीं झाडें होतीं. गुडघ्याच्या दुखण्यामुळें त्यांस प्रवास होईना. मुलगा परगांवीं नोकरीस. म्हणून त्यांनीं पुतण्यास छापील कुलमुखत्यारपत्र करून दिलें. पुतण्या लबाड नव्हता हें आधींच सांगून ठेवतों, कारण अशा गोष्टींत लोक लगेच लबाडी शोधूं लागतात. तो प्रत्येक तारखेस हजर राहिला. निवाडा ४ मार्च रोजीं जाहीर झाला, त्या वेळींही तो कचेरींत होता व हजेरीच्या कागदावर त्यानें सही केली. पुढें महिन्याभरांत रक्कम आली, पावतीवर त्यानें मुखत्यार या नात्यानें सही केली, व रक्कम काकांच्या खात्यांत जमा झाली. काकांस आनंद झाला. मे महिन्याच्या आरंभीं मुलगा सुटीवर आला व त्यानें निवाड्याची नक्कल काढून पाहिली, तेव्हां कळलें कीं जमीन जिरायत धरली आहे, विहिरीचें मूल्य धरलेंच नाहीं, आणि झाडांची संख्या निम्मी लागली आहे.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. हें संपादन भूमिसंपादन, पुनर्वसन व पुनर्वसाहत करतांना वाजवी भरपाई मिळण्याचा आणि पारदर्शकतेचा हक्क अधिनियम, २०१३ याखालचें होतें. (राष्ट्रीय महामार्गाच्या संपादनाची वाट वेगळी, तेथें रकमेचा वाद लवादापुढें जातो. तिच्याविषयीं येथें लिहीत नाहीं.) निवाडा मान्य नसेल तर प्रकरण प्राधिकरणाकडे पाठवावें असा लेखी अर्ज कलम ६४ प्रमाणें जिल्हाधिकाऱ्याकडे करावा लागतो. त्याची मुदत दोन प्रकारची आहे. निवाडा करतेवेळीं खातेदार स्वतः किंवा त्याचा प्रतिनिधि हजर असेल, तर निवाड्याच्या तारखेपासून सहा आठवडे. कोणीच हजर नसेल, तर नोटीस मिळाल्यापासून सहा आठवडे किंवा निवाड्यापासून सहा महिने, यांपैकीं जें आधीं संपेल तें. आणि निवाड्याची नोटीस कायदा कोणास देतो? कलम ३७ म्हणतें कीं, जे स्वतः अथवा प्रतिनिधिद्वारा हजर नव्हते त्यांस. म्हणजे पुतण्या हजर होता म्हणून काकांस नोटीस पाठविण्याचें कचेरीस कारण उरलें नाहीं, व मुदतही त्याच दिवशीं चालूं झाली. ४ मार्चपासून ४२ दिवस मोजले तर १५ एप्रिल येतो. मुलगा मे महिन्यांत आला.

येथपर्यंतची गोष्ट सुधारण्यासारखी होती. त्याच कलमांत अशी सोय आहे कीं, पुरेसें कारण दाखविल्यास जिल्हाधिकारी त्यापुढें एक वर्षपर्यंतही अर्ज घेऊं शकतो. खरी खीळ बसली ती पावतीनें. कलम ७७ असें सांगतें कीं, ज्यास रक्कम पुरेशी वाटत नाहीं त्यानें ती हरकत राखून घ्यावी. हरकत न राखतां ज्यानें रक्कम घेतली, त्यास कलम ६४ चा अर्ज करण्याचा हक्क राहत नाहीं. पुतण्याच्या सहीवर "हरकत राखून" हे दोन शब्द नव्हते. त्यास ते ठाऊक नव्हते, व त्यास ते कोणीं सांगितलेही नव्हते. विलंब माफ होऊं शकतो. बिनहरकत पावतीस कायद्यानें तशी वाट ठेवलेली नाहीं. विहीर गेली, झाडें गेलीं, आणि त्यांविषयीं विचारण्याचा हक्कही गेला.

या प्रकरणांत मुखत्यार नेमला हेंच चुकलें असें कित्येक म्हणतील. मला तें पटत नाहीं. कायदाच मुखत्यारास वाव देतो. प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर ६० दिवसांत हरकत लेखी द्यावयाची असते, व तिच्या सुनावणीस स्वतः, आपण अधिकृत केलेला इसम किंवा वकील यांपैकीं कोणीही चालतो. पुढें कलम २१ ची नोटीस निघते, तींतही स्वतः, मुखत्यार अगर वकील यांच्याकरवीं हजर व्हावें असेंच म्हटलेलें असतें. गुडघे धरून बसलेल्या माणसानें मुखत्यार नेमूं नये तर काय करावें? चूक नेमणुकींत नव्हती. हजर राहण्याचा अखत्यार आणि हक्क सोडण्याचा अखत्यार हे दोन एकाच कागदांत, एकाच दमांत दिले गेले, ही चूक.

हा भेद एकदां मनांत ठसला म्हणजे बाकीचें सोपें आहे. कामें दोन जातींचीं असतात. नोटीस घेणें, तारखेस हजर राहणें, मुदत मागणें, हरकत दाखल करणें, मोजणीच्या व पंचनाम्याच्या वेळीं उभें राहणें, नकला काढणें, कलम ६४ चा अर्ज देणें या सर्वांनीं तुमचा हक्क जिवंत राहतो. असलीं कामें सढळ हातानें द्यावीं. संमति देणें, तडजोड करणें, क्षेत्र अगर वर्ग कबूल करणें, रक्कम स्वीकारणें, अर्ज काढून घेणें यांनीं हक्क संपतो किंवा कमी होतो. हीं स्वतःकडे राखावीं. विक्रीच्या अखत्याराविषयीं तर बोलावयासच नको. प्राथमिक अधिसूचनेनंतर संपादनाचें काम पुरें होईपर्यंत त्या जमिनीचा व्यवहार जिल्हाधिकाऱ्यानें खास सूट दिल्यावांचून करतांच येत नाहीं. मग तो शब्द कागदांत कशासाठीं? राहिलेल्या जमिनीवर मात्र तो लागू होतो, हें ध्यानांत असूं द्या.

आतां दुसरी बाजू मीं लपवूं नये. एकदां शेजारच्या एका विधवा बाईंसाठीं मीं स्वतः मुखत्यारपत्राचा मसुदा केला. नोकरींत पाहिलेल्या प्रकारांमुळें मी इतका सावध झालों होतों कीं, "सुनावणीस हजर राहणें व म्हणणें मांडणें" एवढेंच लिहिलें. त्यांचा भाऊ तो कागद घेऊन गेला. मोजणींत क्षेत्र कमी लागलें होतें, म्हणून फेरमोजणीचा अर्ज द्यावयाचा होता. पण अर्जावर सही करण्याचा अखत्यार कागदांत नव्हता, म्हणून तो परत झाला. मोजणी नकाशाची नक्कलही मिळाली नाहीं. नवा कागद करण्यांत तीन आठवडे गेले. कचेरीचा त्यांत दोष नव्हता, माझा होता. मुखत्यारपत्र हें अक्षरशः वाचलें जातें. जें लिहिलें नाहीं तें दिलें नाहीं असेंच समजतात. म्हणून आंखडता कागद हाही रुंद कागदावरचा उपाय नव्हे. मर्यादा प्रकरणाची घालावी, त्या प्रकरणांतील कामांची नव्हे.

त्या अनुभवानंतर मी जो मजकूर वापरतों तो असा : "मौजे अमुक, तालुका अमुक येथील गट क्रमांक अमुक, पैकीं माझ्या हिश्श्याच्या संपादनाचें प्रकरण क्रमांक अमुक, एवढ्याच कामापुरतें श्री. अमुक यांस मीं खास मुखत्यार नेमलें आहे. त्यांनीं माझ्या वतीनें नोटिसा स्वीकाराव्या, सुनावणी, मोजणी व पंचनाम्यास हजर राहावें, अर्ज, हरकती व हक्काचें निवेदन माझ्या वतीनें सही करून दाखल करावें, मुदत मागावी, नकला घ्याव्या, वकील नेमावा, व निवाड्याविरुद्ध कलम ६४ खालील अर्ज मुदतींत द्यावा. संमति देणें, तडजोड करणें, माझें म्हणणें अगर अर्ज मागें घेणें, मोबदल्याची रक्कम स्वीकारणें अगर तिची पावती देणें, जमिनीचें कोणतेंही हस्तांतर करणें, व स्वतःच्या जागीं दुसरा मुखत्यार नेमणें, हे अधिकार मीं दिलेले नाहींत. हें पत्र अमुक तारखेपर्यंत अमलांत राहील." वकील नेमण्याचे शब्द विसरूं नयेत. वकीलपत्र हा निराळा कागद असून, मुखत्यारास तो करून देण्याचा अधिकार लिहिलेला नसेल तर ऐन वेळीं खोळंबा होतो.

नकाराचीं वाक्यें कशास, दिलें नाहीं तें दिलेंच नाहीं, असें एका वकील स्नेह्यांनीं मला विचारलें. कायद्याच्या दृष्टीनें त्यांचें म्हणणें बरोबर आहे. पण हा कागद वकील वाचीत नाहीं. टेबलावरचा कारकून वाचतो, आणि पावतीचा कागद पुढें सारण्यापूर्वीं त्याच्या दृष्टीस "रक्कम स्वीकारण्याचा अधिकार नाहीं" हीं अक्षरें पडलीं तर तो हात आवरतो. मी त्याच खुर्चीवर बसत होतों.

रकमेविषयीं एक अपवाद करतों. खातेदार परदेशांत असला व परत येणें खरोखर अशक्य असलें, तर रकमेच्या पावतीचा अधिकार द्यावा लागतो. तेव्हां "फक्त हरकत राखून, व फक्त माझ्या अमुक बँकेंतील खात्यांत जमा होण्यासाठीं" असे शब्द घालावे. परदेशांत केलेलें मुखत्यारपत्र तेथील भारतीय वकिलातींत अगर नोटरीसमोर करावें, व तें हिंदुस्थानांत आल्यापासून तीन महिन्यांचे आंत त्यावर येथील मुद्रांक लावून घ्यावा. देशांत असलेल्यानें नोटरीसमोर सही केली तर अशा सुनावणीच्या कामास साधारणपणें भागतें. मुद्रांकाच्या दरांत वेळोवेळीं फेर होत असल्यामुळें तो दुय्यम निबंधकाच्या कचेरींत विचारून घ्यावा.

आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांच्या ध्यानांत येत नाहीं. मुखत्यार तुमच्या वतीनें कागद देऊं शकतो, बोलूं शकतो. पण जें केवळ तुमच्या माहितींतलें आहे त्याची साक्ष तो देऊं शकत नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें सन २००४ मध्यें एका बँकेच्या वसुलीच्या प्रकरणांत हें स्पष्ट केलें : मुखत्यारानें स्वतः जीं कृत्यें केलीं त्यांविषयीं तो सांगूं शकेल, मालकानें केलेल्या व मालकासच ठाऊक असलेल्या गोष्टींविषयीं मालकाच्या जागीं उभा राहून साक्ष देऊं शकणार नाहीं. तो वाद दिवाणी स्वरूपाचा होता, तरी पुढें तुमचें प्रकरण प्राधिकरणापुढें गेलें म्हणजे तोच प्रश्न उभा राहतो. विहीर कोणत्या सालीं खणली, झाडें किती वर्षांचीं, पाणी बारा महिने पुरतें कीं नाहीं, हें पुतण्यास काय ठाऊक? म्हणून मुखत्यारास तोंडी माहिती देऊन पाठवूं नये, कागद देऊन पाठवावें. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असेल तर ती, मागल्या तीन चार वर्षांच्या पीकपाहणीचे उतारे, वीजपंपाचीं बिलें, बाजारसमितींतील विक्रीच्या पट्ट्या, आणि जें कागदावर नाहीं तें खातेदाराचें स्वतःचें प्रतिज्ञापत्र. पंचनाम्याच्या दिवशीं मात्र खाटेवर बसून कां होईना, शेतावर स्वतः हजर राहावें. झाडें मोजलीं जातात तीं त्या दिवशीं, सुनावणीच्या दिवशीं नव्हे.

सामाईक खात्याविषयीं थोडक्यांत सांगतों. सातबाऱ्यावर पांच नांवें असतील तर पांचांनीं सह्या केल्यावांचून एक मुखत्यार पांचांचा होत नाहीं. थोरल्या भावानें केलेलें पत्र बहिणींस बांधीत नाहीं. आणि बहिणींच्या नोटिसा तिच्या सासरीं जातात, त्या कोणीच वाचीत नाहीं असें मीं पुष्कळदां पाहिलें.

मुखत्याराशीं आपला व्यवहार कसा असावा? नात्यांत हिशेब मागणें लोकांस ओशाळवाणें वाटतें. पण मुखत्यारास नोटीस पोंचली ती तुम्हांस पोंचलीच असें कायदा समजतो. तेव्हां ती त्याच्या खिशांत राहिली तर मुदत तुमची जाते. कागद हातीं देतांनाच ठरवून घ्यावें कीं, आलेली प्रत्येक नोटीस त्याच दिवशीं मूळ मालकास दाखवावी, लांब असेल तर फोनवर तिचें छायाचित्र पाठवावें. घरीं एक लहान वही करावी : नोटीस कोणत्या तारखेची, हातीं कधीं आली, सुनावणी कधीं, मुदत कधीं संपते. निवाड्याची तारीख लागली असेल त्या दिवशीं संध्याकाळीं मुखत्याराकडून तोंडी निकाल ऐकावा, दुसऱ्याच दिवशीं नकलेचा अर्ज करवावा, आणि ४२ वा दिवस कोणता येतो तो वहींत तांबड्या शाईनें लिहावा. कचेरींत अर्ज देतांना खातेदाराचा पत्ता व मुखत्याराचा पत्ता असे दोन्ही लिहून, नोटिसेची प्रत दोघांसही मिळावी अशी विनंति करावी.

मुखत्यारपत्र रद्द करण्याची बाब लोक सर्वांत शेवटीं आठवतात. मालकाच्या मृत्यूनें अखत्यार संपतो. वारसांनीं जुन्या कागदावर काम पुढें चालूं देऊं नये, आपल्या नांवें नवा करावा. हयात मालकास तो केव्हांही काढून घेतां येतो, पण मुखत्यारावर रागावून कागद घरीं फाडला म्हणजे तो रद्द झाला असें नव्हे. कचेरीस जोंवर कळलें नाहीं, तोंवर ती जुन्या मुखत्याराशीं व्यवहार करील व तो तुम्हांवर बंधनकारक होईल. यासाठीं रद्द केल्याचें पत्र दोन प्रतींत लिहावें, एक मुखत्यारास नोंदणीकृत टपालानें पाठवावी, दुसरी ज्या कचेरींत प्रकरण चालूं आहे तेथें प्रकरण क्रमांक घालून द्यावी, आणि आपल्या स्थळप्रतीवर आवक विभागाचा शिक्का, आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडूं नये.